तासिकांचा ताळेबंद : शाळेचे वर्ष कसे आखले जाते

शाळेचे वार्षिक नियोजन आणि आठवड्याचे वेळापत्रक हे दोन वेगळे कागद असले, तरी त्यांच्यामागचा हिशेब एकच असतो. वर्षभरात शिकवायला किती तासिका मिळतील, त्यांपैकी परीक्षा किती खातील आणि उरलेल्या तासिका कोणता शिक्षक घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात. महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत हा हिशेब दिवसांत मांडला जातो, कारण सुट्ट्यांची यादी दिवसांची असते आणि शासनाची अटही दिवसांची असते. पण विद्यार्थ्याला गणित शिकायला मिळते ते तासिकांत. म्हणून नियोजनाचे एकक तासिका हेच असायला हवे. ही एक गोष्ट बदलली की पुढचे बरेच निर्णय बदलतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगतो. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे २२० दिवस आणि १००० तास असे आहेत. बरेच नियोजक २२० दिवस भरले की काम झाले असे मानतात. प्रत्यक्षात दोन्ही अटी स्वतंत्र आहेत. समजा, एखाद्या शाळेत सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी सकाळी पाच, अशा आठवड्याला ४५ तासिका आहेत आणि प्रत्येक तासिका ३५ मिनिटांची आहे. आठवड्याचे अध्यापन सव्वासव्वीस तास होते. २२० दिवस म्हणजे सहा दिवसांचे साधारण पावणेसदतीस आठवडे. गुणाकार केला तर ९६२ तास येतात. दिवसांची अट पूर्ण झाली, तासांची झाली नाही. तीच तासिका ४० मिनिटांची केली तर ११०० तास होतात आणि परीक्षा, कार्यक्रम व पावसाच्या सुट्टीसाठी थोडी ऐसपैस जागाही उरते. तासिकेची लांबी हा किरकोळ तपशील समजून मागच्या वर्षीचीच पुढे चालवली जाते, पण वर्षाचा पाया तिच्यावरच उभा असतो.

यानंतर खरे कॅलेंडर समोर घ्यावे लागते. २०२५-२६ हे वर्ष उदाहरण म्हणून सोयीचे आहे. १५ जून रविवारी आल्याने राज्यातील शाळा सोमवारी, १६ जूनला उघडल्या. विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. एखाद्या शाळेने १५ ऑक्टोबरपर्यंत पहिले सत्र चालवले आणि ३ नोव्हेंबरला दुसरे सुरू केले असे धरू. पहिल्या सत्रात रविवार वगळून १०५ दिवस मिळतात. त्यातून राखी पौर्णिमा, स्वातंत्र्यदिन, गोपाळकाला, गणपतीचे सहा दिवस, ईद, अनंत चतुर्दशी आणि दसरा असे बारा दिवस जातात. उरलेल्या ९३ दिवसांतून पहिल्या सत्राच्या परीक्षेचे आठ आणि सत्र संपण्याचा एक दिवस वजा केला, की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ८४ दिवस हातात राहतात.

हे ८४ दिवस आठवड्याच्या वारांमध्ये सारखे वाटले गेलेले नाहीत, आणि नियोजनातील सर्वात दुर्लक्षित बाब हीच आहे. त्या काळात प्रत्येक वार सोळा वेळा आला. सोमवार, मंगळवार आणि बुधवार प्रत्येकी पंधरा मिळाले, गुरुवार चौदा, शुक्रवार तेरा आणि शनिवार फक्त बारा. ९ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात पाच शनिवार होते. राखी पौर्णिमा, गोपाळकाला, गणपती आणि अनंत चतुर्दशी यांनी चार शनिवार घेतले. उरला तो २३ ऑगस्टचा एकच, आणि नागपूरकडे त्या दिवशी तान्हा पोळा होता. ज्या तुकडीला भूमितीची जोड तासिका शनिवारी दिली होती, त्या तुकडीची भूमिती महिनाभर जवळजवळ थांबली. शिक्षकाने एकही रजा घेतलेली नसते, कॅलेंडरमधले दिवसही भरलेले असतात, तरी भाग दोन मागे पडतो आणि दोष शिक्षकाला लागतो. वर्षारंभी सुट्ट्यांची यादी वारानुसार मोजली असती तर हे जूनमध्येच दिसले असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला वेळापत्रकातच करायचा : लेखी परीक्षेच्या कोणत्याही विषयाला शनिवारी एकापेक्षा जास्त तासिका देऊ नये आणि आठवड्याच्या सहा-सात तासिका शक्य तितक्या वेगवेगळ्या वारांना पसराव्यात. दुसरा उपाय वर्षात मध्येच करायचा : जो वार जास्त बुडाला, त्याचे वेळापत्रक दुसऱ्या दिवशी चालवायचे. शुक्रवार तीन गेले असतील, तर सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी शुक्रवारचे वेळापत्रक चालवल्याने कोणाचेही बिघडत नाही. फक्त ते आधी फळ्यावर लागले पाहिजे आणि पाहुणे किंवा अर्धवेळ शिक्षक असतील तर त्यांना कळवले पाहिजे. शनिवार भरून काढणे मात्र अवघड असते, कारण त्याच्या पाच तासिका आठ तासिकांच्या दिवसात बसवल्या तर तीन उरतात. शनिवारी सर्व खेळ आणि कला विषय टाकण्याची पळवाट सोपी दिसते. ती घेऊ नये. मग बुडणाऱ्या तासिका त्याच विषयांच्या असतात आणि मुलांच्या वाट्याचे मैदान दरवर्षी निमूटपणे कमी होत जाते.

दहावीसाठी हा हिशेब आणखी घट्ट होतो. राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा पूर्वी मार्चमध्ये सुरू होत असे; २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २०२६ साठी २० फेब्रुवारी ही तारीख जाहीर झाली. त्याआधी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा असतात, त्याआधी शाळेची पूर्वपरीक्षा. म्हणजे मागून मोजत आल्यास नवा धडा शिकवण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर ठरते. जूनपासून पुढे मोजणारा शिक्षक फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे असे समजतो, आणि दोन महिन्यांची ही तफावत डिसेंबरात जादा तासांच्या रूपाने बाहेर पडते.

दहावीच्या गणिताचा हिशेब मांडून पाहू. आठवड्याला सात तासिका आहेत. १६ जून ते १५ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर हा काळ सव्वीस आठवड्यांचा आहे. कागदावर १८२ तासिका होतात. आता पहिल्या सत्राच्या ८४ दिवसांतून घटक चाचणीचे चार आणि क्रीडा स्पर्धा, प्रदर्शन, अतिवृष्टी यांचे मिळून पाच दिवस वजा केले, तर ७५ उरतात. अतिवृष्टीचे दिवस धरणे हा अति सावधपणा नव्हे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईतील शाळा पावसामुळे बंद ठेवाव्या लागल्या होत्या. नोव्हेंबर-डिसेंबरच्या ५१ दिवसांतून गुरुनानक जयंती, नाताळ, दुसरी घटक चाचणी, सहल आणि स्नेहसंमेलन गेले की ४० राहतात. एकूण ११५ दिवस, म्हणजे एकोणीस आठवड्यांहून थोडे जास्त. तासिका सुमारे १३४. कागदावरच्या प्रत्येक चार तासिकांमागे एक गेली.

या १३४ पैकी वीस तासिका उजळणी आणि चाचणीच्या उत्तरपत्रिका समजावून सांगण्यासाठी राखल्या, तर ११४ उरतात. गणित भाग एकमध्ये सहा आणि भाग दोनमध्ये सात अशी तेरा प्रकरणे आहेत. सरासरी पावणेनऊ तासिका पडतात, पण वाटप सरासरीने करायचे नसते. वर्गसमीकरणे, समरूपता आणि वर्तुळ यांना बारा-बारा तासिका लागतात. संभाव्यता सहा-सातात होते. जड प्रकरणे गणपतीच्या तुटक महिन्यात येऊ नयेत, हेही पाहावे लागते. जुलै हा पहिल्या सत्रातील सर्वात सलग महिना असतो, म्हणून समरूपता आणि वर्गसमीकरणे तिथे घ्यावीत. वर्तुळाचे प्रमेय शिकवायला घेतले आणि मध्ये आठवडा गेला, तर परतल्यावर दोन तासिका मागचे आठवण्यातच जातात.

विषयांच्या तासिका ठरल्या की प्रश्न शिक्षकांकडे वळतो. आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन अशा सहा तुकड्यांची शाळा घेतली, तर आठवड्याला ४५ गुणिले ६ म्हणजे २७० तासिका भराव्या लागतात. प्रत्येक तुकडीला मराठी ६, हिंदी ५, इंग्रजी ७, गणित ७, विज्ञान ७, सामाजिक शास्त्रे ६ आणि शारीरिक शिक्षण, कला वगैरे श्रेणी विषयांच्या ७ तासिका असे धरू. शाळेत नऊ शिक्षक आणि मुख्याध्यापक आहेत. गणित-विज्ञानाच्या ८४ तासिका तीन शिक्षकांत वाटल्या तर प्रत्येकी २८ येतात. तीन भाषांच्या १०८ तासिका चार शिक्षकांकडे जातात : दोघांना इंग्रजीच्या तीन तुकड्या आणि मराठीची एक, उरलेल्या दोघांना मराठीच्या दोन आणि हिंदीच्या तीन, अशा प्रत्येकी २७. त्यात श्रेणी विषयांच्या तीन-तीन मिळवून ३० होतात. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाकडे ३०, त्याच विषयाची एक तुकडी मुख्याध्यापकांकडे, आणि क्रीडाशिक्षकाकडे श्रेणी विषयांच्या उरलेल्या ३०. बेरीज बरोबर २७० येते. ही बेरीज जुळल्याशिवाय वेळापत्रकाचा तक्ता हातात घेऊ नये. ती जुळत नसेल तर कितीही रात्री जागून तक्ता बसत नाही, आणि दोष तक्त्यात शोधला जातो.

आता प्रत्येकाचा कार्यभार २८ ते ३० तासिका, म्हणजे सारखाच दिसतो. तो सारखा नाही. एका तुकडीत साठ विद्यार्थी असतील तर इंग्रजीच्या शिक्षकाकडे चार तुकड्यांच्या २४० उत्तरपत्रिका येतात. प्रत्येकीला पंधरा मिनिटे लागली तर साठ तास होतात. मराठी-हिंदीच्या शिक्षकाकडे पाच तुकड्यांच्या ३०० येतात. गणित आणि विज्ञान यांचे दहावीला दोन-दोन भाग असल्याने तिथे एका विद्यार्थ्याच्या दोन उत्तरपत्रिका होतात. क्रीडाशिक्षकाच्या वाट्याला लेखी उत्तरपत्रिका येत नाहीत, पण स्पर्धांच्या काळात त्याचा दिवस संध्याकाळपर्यंत लांबतो. तासिका मोजून न्याय झाला असे समजणे म्हणूनच अपुरे आहे. शिक्षण हक्क अधिनियमात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तासांचे काम सांगितले आहे आणि त्यात तयारीचा वेळ धरला आहे. उत्तरपत्रिकांचे ओझे ज्याच्यावर जास्त, त्याला वर्गशिक्षकपद किंवा स्नेहसंमेलनाची जबाबदारी न देणे हा सोपा आणि न्याय्य समतोल आहे.

आता तक्ता. गणिताच्या दृष्टीने पाहिले तर नुसते तासिका-वाटप अवघड नाही. हंगेरीचे गणितज्ञ डेनेश क्योनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या एका प्रमेयाचा अर्थ या संदर्भात असा होतो : कोणत्याही तुकडीच्या आणि कोणत्याही शिक्षकाच्या तासिका आठवड्याच्या ४५ पेक्षा जास्त नसतील, तर टक्कर न होता सर्व तासिका बसवता येतातच. वरच्या शाळेत सर्वात व्यस्त शिक्षकाकडे तीसच तासिका आहेत, म्हणून तक्ता नक्की बसतो. अडचण पुढच्या अटींनी येते. अमुक शिक्षक फक्त सकाळी उपलब्ध आहे, अमुक दिवशी नाही, अशा अटी आल्या की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. शिमोन एव्हन, आलोन इताई आणि आदी शमीर यांनी १९७६ मध्ये दाखवले की अशा प्रश्नाला सर्व प्रसंगी झटपट उत्तर काढून देणारी पद्धत बहुधा नाही. संगणकीय सॉफ्टवेअरही इथे चाचपडत, अदलाबदल करतच पुढे जाते. याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की प्रत्येक सवलत जपून द्यावी. दोन शिक्षकांना पहिली तासिका नको आणि दोघांना शेवटची नको, असे मान्य केले की उरलेल्यांचे दिवस विस्कटतात.

तक्ता भरताना ज्या तासिकेला सर्वात कमी जागा शक्य आहेत ती आधी बसवायची. हिंदीऐवजी संस्कृत घेणारी मुले असतील तर दोन्ही तुकड्यांची ती तासिका एकाच वेळी आणि दोन शिक्षकांसह ठेवावी लागते, ती पहिली. नंतर प्रयोगशाळेच्या जोड तासिका, कारण प्रयोगशाळा एक आणि तुकड्या सहा. त्या मधल्या सुट्टीच्या दोन बाजूंना तुटता कामा नयेत. मग मैदान, मग मुख्याध्यापकांच्या सहा तासिका, ज्या बैठकांच्या वेळेबाहेर हव्यात. त्यानंतर गणित आणि इंग्रजी, रोज एक तरी. मराठी आणि सामाजिक शास्त्रे शेवटी भरली तरी चालतात, कारण त्यांना कुठेही जागा मिळते. हा क्रम उलटा केला तर शेवटी दोन-तीन तासिका अशा राहतात की त्यांच्यासाठी अर्धा तक्ता मोडावा लागतो.

भरून झालेल्या तक्त्याची खरी परीक्षा मोकळ्या तासांत होते. प्रत्येक क्षणी सहा तुकड्यांसमोर सहा शिक्षक असतात, म्हणजे नऊपैकी किमान तिघे मोकळे. पण ते तिघे प्रत्येक तासिकेला तेच नसतात. एखाद्या तासिकेला हजर असलेल्या मोकळ्या शिक्षकांपेक्षा जास्त वर्गांचे शिक्षक रजेवर असतील तर एखादा वर्ग रिकामा राहतो किंवा दोन वर्ग एकत्र बसतात. म्हणून तक्ता पूर्ण झाल्यावर उभे स्तंभ मोजावेत : प्रत्येक तासिकेखाली मोकळ्या शिक्षकांची नावे लिहावीत. त्याच वेळी प्रत्येक शिक्षकाची आडवी ओळही वाचावी. सलग चार तासिका एकाच शिक्षकाला आल्या असतील तर चौथ्या तासिकेतील तुकडीला थकलेला शिक्षक मिळतो, आणि ती तुकडी दर आठवड्याला तीच असते. मोकळे तास दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी गोळा झाले तर ते बदली तासांतच जातात. दोन तासिकांच्या मध्ये पडलेला मोकळा तास वह्या तपासायला खरोखर मिळतो.

परीक्षांच्या खिडक्या ठरवताना तीन ओझी एकत्र पाहावी लागतात : मुलांचे, पर्यवेक्षणाचे आणि तपासणीचे. पहिले सर्वांच्या लक्षात असते, तिसरे बहुधा राहते. वरच्या शाळेत पहिल्या सत्राची परीक्षा ६ ते १४ ऑक्टोबर ठेवली आणि निकाल दिवाळीनंतर पहिल्या आठवड्यात हवा असेल, तर इंग्रजी आणि गणित हे पेपर पहिल्या तीन दिवसांत घ्यावेत. मग त्या शिक्षकांना परीक्षेचे उरलेले दिवस तपासणीला मिळतात. कला किंवा तोंडी परीक्षा शेवटी ठेवाव्यात, कारण त्यांचे गुण त्याच दिवशी होतात. पर्यवेक्षणाचे काम उत्तरपत्रिकांच्या उलट प्रमाणात वाटावे. ज्यांच्याकडे तीनशे उत्तरपत्रिका आहेत त्यांना एक-दोन सत्रे, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना रोज. घटक चाचणीसाठी चार पूर्ण दिवस न देता पहिल्या दोन तासिकांत पेपर आणि पुढे नियमित वर्ग, अशी रचना केली तर वर्षात पाच-सहा दिवसांच्या तासिका वाचतात. सातत्याने असे करणाऱ्या शाळांना डिसेंबरात जादा तास कमी घ्यावे लागतात.

सर्वात गोंधळाचा काळ फेब्रुवारी-मार्चचा. दहावीच्या दोन तुकड्या परीक्षेला गेल्या की आठवड्याच्या २७० पैकी ९० तासिका मोकळ्या होतात. कागदावर कार्यभार एक तृतीयांश घटतो. पण त्याच काळात शाळा परीक्षा केंद्र असेल तर पेपरच्या वेळी इमारत मिळत नाही, शिक्षक पर्यवेक्षणावर असतात आणि पुढे काहींना मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासायला मिळतात. आठवी-नववीचे वर्ग तेव्हा सकाळी किंवा कमी तासिकांत चालवावे लागतात. म्हणून या काळासाठी वेगळे, सुटसुटीत वेळापत्रक डिसेंबरातच तयार ठेवावे : चार तुकड्या, दिवसाला पाच तासिका, आणि ज्या विषयांचे शिक्षक तपासणीला जाण्याची शक्यता जास्त त्या विषयांचे नवे प्रकरण फेब्रुवारीच्या मध्यानंतर नाही. नववीचा अभ्यासक्रमही त्यामुळे दहावीइतक्याच शिस्तीने आधी संपवावा लागतो, ही गोष्ट वर्षारंभी क्वचित कोणी सांगते.

ताळेबंद ठेवायला मोठी यंत्रणा लागत नाही. वर्गात एक तक्ता पुरतो : आडवे विषय, उभे आठवडे, आणि प्रत्येक चौकटीत झालेल्या तासिकांची संख्या. वर्गप्रतिनिधीही तो भरू शकतो. नियोजनाप्रमाणे सप्टेंबरच्या सुरुवातीस साठ तासिका अपेक्षित असतील आणि एखाद्या विषयाच्या अठ्ठेचाळीसच झाल्या असतील, तर बारा तासिकांची तूट दिसते आणि ती भरायला तीन महिने उरलेले असतात. बदली तासाला गेलेला शिक्षक आपला विषय शिकवून आला असेल तर त्याच्या विषयाची तासिका एकने वाढवावी, बुडालेल्या विषयाची नाही. नाहीतर तक्ता खोटा समतोल दाखवतो. तूट एकाच विषयात असेल तर कारण बहुधा वार किंवा रजा असते. सर्वच विषयांत असेल तर कार्यक्रम आणि चाचण्या प्रमाणाबाहेर गेल्या आहेत, आणि मुख्याध्यापकांना पुढचा एखादा कार्यक्रम शनिवारी दुपारी न्यावा लागतो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा सुरू झाल्यावर हाच तक्ता वारानुसार बेरीज करून ठेवावा. जूनच्या वेळापत्रकात कोणता विषय कोणत्या वाराला द्यायचा, हे त्यावरून ठरवता येते.